उतरवलेल्या चित्रात लोकेशन नाही, म्हणजे पाठवलंच नाही असं नव्हे

आधीच्या लेखात म्हटलं होतं की फोन फोटोच्या फाइलमध्ये ठिकाण आणि वेळ लिहून ठेवतो, म्हणून फोटोचं कार्टून करून देणाऱ्या साइटवर टाकण्याआधी ती माहिती पुसा. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला. उगाच घाबरवता भाऊ लोकायले. मी सोता पोरीचा फोटो त्या साइटवर कार्टून करून पाह्यला, उतरवलेलं चित्र तपासलं, त्यात लोकेशन-बिकेशन काही नाही. अन् आमच्या गावात तं रेंजच नसते, फोटोत ठिकाण येईन कुठून? तुमच्यासारखी सगळी माहिती काढली तं फोटो आडवा झाला, साइटनं पोरीचं तोंडच वाकडं काढलं. अन् चेहराच देतो आपण, मंग ठिकाण लपवून काय फायदा?"

उत्तर:

भाऊ, तुम्ही स्वतः तपासून पाहिलंत हे बरंच केलंत, पण तपासली ती दुसरीच फाइल. कार्टून होऊन परत आलेलं चित्र ही त्यांच्या सर्व्हरनं नव्यानं तयार केलेली फाइल असते. तिच्यात तुमच्या कॅमेऱ्याची माहिती सहसा नसतेच. तुम्ही 'अपलोड' दाबलंत तेव्हा बहुतेक मूळ फाइलच जशीच्या तशी निघाली, तिकडे पोचली, आणि मग तिच्यावरून चित्र काढलं गेलं. त्या मूळ फाइलचं पुढे काय केलं, किती दिवस ठेवली, हे परत आलेल्या चित्राकडे पाहून कळायला मार्ग नाही. तपासणी करायचीच तर फाइल आपल्या हातात असताना, पाठवायच्या आधी करायची.

एक खरी फाइल उघडून दाखवतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात २०२५ च्या धुळवडीला संध्याकाळी काढलेला फोटो आहे, ओसरीत रंगानं माखलेली मुलगी उभी आहे. घरच्यांना विचारून वापरतोय, आणि आकडे मुद्दाम झाकलेत. फोटोच्या फाइलमधली माहिती दाखवणारा आणि पुसणारा एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्राम कॉम्प्युटरवर चालतो, त्याला विचारलं:

```
exiftool -s -Orientation -DateTimeOriginal -GPSLatitude -GPSLongitude IMG_20250314_171208.jpg

Orientation       : Rotate 90 CW
DateTimeOriginal  : 2025:03:14 17:12:08
GPSLatitude       : 20 deg 2x' xx.xx" N
GPSLongitude      : 78 deg 0x' xx.xx" E
```

हे अंश, मिनिटं आणि सेकंद आहेत. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर, आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक सेकंद त्याहून थोडा कमी, २९ मीटरच्या आसपास. फाइलमध्ये तर सेकंदाचेही शंभरावे भाग लिहिलेले असतात. जीपीएस एवढं नेमकं नसतं, उघड्या आकाशाखाली पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतंच. पण पुण्यात दहा मीटरच्या त्या घेऱ्यात चार मजल्यांची अख्खी इमारत येते, त्यातलं घर कुठलं हे कळत नाही. आपल्याकडे त्या घेऱ्यात एक घर येतं, फार तर घर आणि गोठा. शेतातल्या वस्तीवर तर शंका घ्यायलाही जागा नाही. 'मु. पो. अमुक, ता. तमुक' या आपल्या पत्त्यात घर नंबर नसतो, पोस्टमनला विचारत यावं लागतं. फोटोतल्या या दोन ओळींना कुणालाच विचारावं लागत नाही.

आता रेंजचं. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. उपग्रह वरून सतत सांगत असतात, फोन फक्त ऐकतो. रेंज असली तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला इंटरनेटवरून पटकन मिळते आणि काही सेकंदांत जागा सापडते. रेंज नसली तर हीच माहिती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि ती इतकी सावकाश येते की एका उपग्रहाचा पत्ता नीट ऐकायला सुमारे ३० सेकंद लागतात. म्हणजे उशीर होतो, पण काम होतं. उलट कपाशीच्या वावरात ना इमारत आडवी येते ना पूल, आकाश चहूकडून मोकळं, त्यामुळे आपल्याकडच्या नोंदी शहरातल्यापेक्षा चांगल्याच येतात. टिनाच्या छपराखाली मात्र गडबड होते. तिथे काही फोन ठिकाण लिहीतच नाहीत, काही थोड्या वेळापूर्वीचं शेवटचं ठिकाण लिहून मोकळे होतात. म्हणून एका फोटोत लोकेशन सापडलं नाही यावरून फोन लिहीतच नाही असं धरू नका. अंगणात काढलेले दोन-चार फोटो उघडून पाहा.

फोटो आडवा झाला, ही तुमची तक्रार मात्र शंभर टक्के रास्त आहे, आणि तिचं कारण वरच्या आकड्यांतच आहे. फोन उभा धरला तरी आतला सेन्सर आडवाच असतो. बरेच फोन चित्र आडवंच साठवतात आणि शेजारी एक सूचना लिहितात की दाखवताना ९० अंश फिरवा. वरच्या यादीतली `Orientation` ती हीच. सरसकट सगळी माहिती पुसली की ही सूचनाही जाते. मग साइटसमोर मुलगी आडवी पडलेली असते, साइटच्या यंत्रणेला डोळे-नाक जागच्या जागी सापडत नाहीत आणि तोंड वाकडं निघतं. म्हणून पुसायचं सगळं, पण फिरवण्याची सूचना आणि रंगाचा प्रोफाइल परत ठेवायचा. प्रोफाइल गेला तर काही फोटोंचे रंग फिके दिसतात.

```
exiftool -all= -tagsfromfile @ -orientation -icc_profile -o saaf.jpg IMG_20250314_171208.jpg
```

यात मूळ फाइलला हात लागत नाही, `saaf.jpg` नावाची नवी प्रत तयार होते. मग त्याच प्रतीवर खात्री करायची:

```
exiftool -a -G1 -s saaf.jpg
```

फाइलचा आकार, लांबी-रुंदी, फाइल कधी बदलली अशा ओळी तरीही दिसतील. त्यानं दचकू नका, त्या प्रोग्राम फाइलकडे बाहेरून पाहून सांगतो किंवा चित्राच्या मापावरून काढतो. `GPS` हा शब्द असलेली एकही ओळ नसली आणि `DateTimeOriginal` गेलेलं असलं की काम झालं.

एक गोष्ट या सगळ्यातून निसटते, ती म्हणजे फाइलचं नाव. `IMG_20250314_171208` हे नावच १४ मार्च, सायंकाळी पाच वाजून बारा मिनिटं आठ सेकंद असं सांगतंय. अपलोड करताना साधारणपणे नावही सोबत जातं. आतलं सगळं धुऊन काढलं आणि तारीख कपाळावर तशीच राहिली, असं व्हायला नको. वरच्या आदेशात नाव आपोआप बदललंय. मोबाइलवर करत असाल तर स्वतः बदला.

मोबाइलवर कसं करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण गावात किती जण कॉम्प्युटर उघडणार? सगळ्यात सोपं म्हणजे फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचा आणि आलेली प्रत सेव्ह करून ती वापरायची. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो नव्यानं दाबून बनवतं, त्यात लोकेशन राहत नाही आणि फोटोही सरळ राहतो. बारकावे थोडे जातात, पण कार्टून काढायला तेवढा फोटो पुरतो. हे फक्त फोटो म्हणून पाठवला तरच. आपल्याकडे लग्नाच्या फोटोंना "क्वालिटी जाते, डॉक्युमेंट करून टाक" म्हणतात ना, तसं डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की मूळ फाइल जशीच्या तशी जाते, लोकेशनसकट. मामेभावानं असा डॉक्युमेंट पाठवलेला फोटो तुम्ही साइटवर टाकलात, तर तुमच्या नावानं त्याच्या घराचा ठिकाणा गेला.

स्क्रीनशॉट काढला तरी चालतं, त्यात कॅमेऱ्याचं ठिकाण नसतं. ॲण्ड्रॉइड १० पासून पुढे काही ॲपना फोटोतलं ठिकाण वेगळी परवानगी असल्याशिवाय मिळत नाही, हेही खरं. पण ब्राउझरमधून, फाइल मॅनेजरमधून, गॅलरीतून अशा वेगवेगळ्या वाटांनी फोटो निवडला की फोनप्रमाणे वागणूक बदलते. त्या भरवशावर मी तरी राहत नाही. फाइलच साफ असली की वाट कुठलीही चालेल.

राहिला चेहऱ्याचा प्रश्न. तुमच्या सगळ्या आक्षेपांत हाच वजनदार आहे. हो, चेहरा जातोच. लोकेशन काढल्यानं तो झाकला जात नाही, आणि ज्यांना पोरीचा चेहराच द्यायचा नसेल त्यांनी फोटो टाकूच नये. गावातल्यांपासून तर काहीच लपत नाही, त्यांना सगळ्यांची घरं ठाऊक आहेत. प्रश्न दूरच्या, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या सर्व्हरचा आहे. तिथे नुसता चेहरा असला तर तो हजारो चेहऱ्यांपैकी एक. त्याच नोंदीत खात्याचा ईमेल, घराचा नेमका बिंदू आणि वेळ असली तर ती या अंगणातल्या या मुलीची नोंद होते. त्यातून अवतार बनवणाऱ्या काही सेवा एकदम दहा-वीस फोटो मागतात. ते सगळे साफ न करता दिले तर घर, शाळा, आजोळ आणि कुठे कधी असते तेही ओळीनं हाती येतं. साइट वाईट हेतूची असायला हवी असंही नाही. साठवलेलं कधी चोरीला गेलं तरी पुरे. आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या नेटजोडणीचा नंबर, तर साइटला दिसतोच, पण मोबाइल नेटवर तो जवळचं मोठं शहर दाखवतो, कधी थेट मुंबईच. त्यावरून कुणी ओसरीपर्यंत येत नाही.

चित्रात डोळ्यांना जे दिसतं ते कुठलाच आदेश पुसत नाही. मागे उभ्या गाडीची एमएच-२९ ची पाटी, जिल्हा परिषद शाळेचं नाव रंगवलेली भिंत, हे कापूनच काढावं लागतं. आपल्याकडे आणखी एक खास प्रकार आहे. घरकुलासाठी किंवा पिकाच्या नुकसानीसाठी फोटो लागतो म्हणून बऱ्याच जणांनी खाली पट्टीवर ठिकाण, तारीख आणि नकाशा छापणारं कॅमेरा ॲप घेतलंय, आणि मग पोराच्या वाढदिवसाचे फोटोही त्याच ॲपनं काढतात. ती पट्टी चित्रातच छापलेली असते. `exiftool` नं ती जात नाही, व्हॉट्सॲपनं जात नाही. कार्टून झाल्यावर अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. गेली ती मूळ फाइल, आणि तिच्यावरचा आकडा न् आकडा वाचता येतो.

म्हणून घरच्या फोटोंसाठी फोनचा साधा कॅमेरा वापरा आणि त्याच्या सेटिंगमधलं 'लोकेशन टॅग' किंवा 'जिओटॅगिंग' बंद करा. हे बंद केलं तर ई-पीक पाहणी अडेल, अशी भीती आधीच्या लेखाखाली दोघातिघांनी बोलून दाखवली होती. तसं होत नाही. ते ॲप ठिकाणाची परवानगी स्वतःची वेगळी मागतं. फोनचं लोकेशन चालू आणि त्या ॲपला परवानगी, एवढं असलं की कॅमेऱ्याचा टॅग बंद असला तरी चालतं. पंचनाम्यासाठी, विम्यासाठी काढलेले फोटो मात्र साफ करायच्या फंदात पडू नका, तिथे ठिकाण आणि तारीख हाच पुरावा असतो. आणि टॅग आज बंद केला तरी कालपर्यंतच्या फोटोंत तो आहेच, त्यामुळे जुना फोटो टाकायचा असेल तर प्रत साफ करूनच टाका.