चौकटीत न येणारे पाय

न्यू जर्सीत रविवारी सकाळी साडेआठला मी फोन लावतो, तेव्हा साताऱ्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इकडची घड्याळे तासभर मागे जातात आणि तोच फोन तिकडे सातला जाऊ लागतो. त्यासाठी आई रात्रीचा स्वयंपाक आधी आटोपून बसते, हे मला अकरा वर्षांनी, तेही बोलण्याच्या ओघात कळले.

फोन आईच्या हातात असतो, त्यामुळे पडद्यावर बरेचदा तिचे कपाळ आणि वर फिरणारा पंखा दिसतो, आणि बाबांचा फक्त चेहरा. गेल्या वर्षी तो चेहरा नेहमीसारखाच हसरा होता. "बाबा, तब्येत कशी आहे?" या प्रश्नाला "एकदम ठणठणीत" हे उत्तर मिळत होते आणि मीही ते मुकाट्याने घेत होतो. खरे सांगायचे तर ते उत्तर मला हवेच होते, कारण दुसरे काही ऐकले असते तर सुट्टी, तिकीट आणि इथली नोकरी यांचा हिशेब मांडावा लागला असता. हीच माझी बोच आहे.

सलग तीन रविवार बाबा त्यांच्या फिरायला जायच्या वेळेला पलंगावर बसलेले दिसले. मी विचारल्यावर आई सहज म्हणाली, "अरे, त्यांना चप्पल होत नाही सध्या." मी फोन खाली धरायला सांगितला. दोन्ही घोटे सुजलेले होते. नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरायला लावला, तर अंगठा काढल्यावरही खळगा तसाच राहिला. सकाळी सूज उतरते आणि संध्याकाळी चढते, असेही मग समजले.

दोन महिन्यांपूर्वी त्यांची रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी पाचवरून दहा मिलिग्रॅमची झाली होती. मला काळजी नको म्हणून कुणी सांगितले नव्हते. या गोळीने पाय सुजू शकतात आणि मात्रा वाढली की सुजण्याची शक्यताही वाढते. पण अशी सूज हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या दुखण्यानेही येते, त्यामुळे शेजारचे काका बाबांना घेऊन गेल्यावर डॉक्टरांनी आधी रक्त, लघवी आणि हृदयाची तपासणी केली आणि ती ठीक आल्यावरच गोळी बदलली. काही आठवड्यांत सूज ओसरली.

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकजण रोज फोन करतात, पण "बरे आहात ना?" याचे उत्तर आईवडील आपल्याला सांभाळूनच देतात, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून आता मी तब्येत विचारत नाही. बाबांना अंगणातल्या जास्वंदीपर्यंत चालत जाऊन फुले दाखवायला सांगतो. ते उंबरठा कसा ओलांडतात, कशाचा आधार घेतात, हे आई मागून फोन धरून दाखवते. मागच्या रविवारी बाबा जास्वंदीपाशी पोचल्यावर वळून म्हणाले, "फुलं बघतोयस की मला?" मला काही बोलता आले नाही.