तक्रारीवरून माणसाकडे वळा

‘मला आवडणारी मुलगी आणि मी चॅटवर रोज सोमवारला आणि ट्रेनच्या गर्दीला शिव्या घालतो, पण गप्पा तिथेच संपतात. पुढे काय बोलू?’

तक्रार बारीक आणि नेमकी ठेवा. ‘फार गर्दी होती’ म्हटलं की ‘हो ना’पलीकडे उत्तर निघतच नाही. ‘कुणाच्या तरी बॅगेची चेन सगळा प्रवासभर कोपरात रुतत होती’ म्हटलं की समोरच्यालाही आपलं काहीतरी आठवतं. अशी दोन-तीन वाक्यं झाली की गर्दीला सोडा आणि माणसाकडे वळा.

समजा, तिने लिहिलं, ‘आज उभ्याउभ्या डोळा लागला.’ इथे ‘माझं तर त्याहून वाईट’ म्हणालात की चढाओढ सुरू होते आणि थट्टामस्करीतली गंमत जाते. त्याऐवजी लिहा, ‘उद्या खिडकी मिळाली तर तुझी. भाडं एवढंच, की झोपायच्या आधी पाच मिनिटं गप्पा.’ यात ओढ दिसते, तरी तिला ती हसून सोडून देता येते, स्पष्ट नकार द्यावा लागत नाही.

‘पाच नाही, तीनच मिनिटं’ असं घासाघीस करणारं उत्तर आलं तर तिलाही मजा येतेय. नुसता हसरा चेहरा आला तर एकदा विषय बदलून बघा. पुन्हा तेच झालं तर थांबा.

गर्दीतल्या धक्क्यांवर, अंगाला अंग लागण्यावर विनोद मात्र अजिबात नको. अनेक बायकांना तिथे खरोखर त्रास झालेला असतो. आणि साहेबाचा जाच किंवा रात्र-रात्र झोप नसणं असं काही बोलण्यात आलं, तर खोडी बाजूला ठेवून सरळ विचारा, ‘बरी आहेस ना?’