फोटोत तुम्ही आहात म्हणून कॉपीराइट तुमचा होत नाही

“कोणी न विचारता तुमचा फोटो टाकला? घाबरू नका. फोटोत तुम्ही आहात म्हणजे कॉपीराइट तुमचाच. सरळ कॉपीराइटची तक्रार ठोका, 24 तासांत फोटो उडतो. पुढे पाठवा.”

नागपुरातल्या सोसायटीच्या, शाळेच्या, भिशीच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. तो वाचून लोक खरोखर तक्रारी करताहेत, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी मालकीचं बघू. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. समोर कोण उभं होतं याचा मालकीशी संबंध नाही. पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम 17 नुसार हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणजे लग्नाच्या फोटोंचा खर्च वडिलांनी केला असेल तर हक्क वडिलांचा, नवरीचा नाही. तुम्ही स्वतः काढलेली सेल्फी कोणी उचलून टाकली असेल, तर मात्र कॉपीराइटचा दावा खुशाल करा, तो तुमचाच आहे.

माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत काय झालं ते सांगते. धरमपेठेतल्या एका पार्लरने तिच्या केसांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो काढले आणि तिला न विचारता इन्स्टाग्रामवर जाहिरात म्हणून टाकले. चेहरा स्पष्ट दिसत होता. तिने मेसेजवर विश्वास ठेवून कॉपीराइटचा फॉर्म भरला. फोटो पार्लरवालीच्या मोबाइलने काढलेला, त्यामुळे दावा टिकला नाही. शिवाय कॉपीराइटच्या तक्रारीत तक्रारदाराचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळवलं जाऊ शकतं, तसं ते गेलं. पार्लरवालीचा फोन आला, “आमच्यावर केस करता काय?” ज्या बाईला ओळख लपवायची होती, तिचीच ओळख उघड झाली. त्रास देणाऱ्या माणसाविरुद्ध कोणी अशी तक्रार केली तर काय होईल, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. त्या फॉर्मवर हक्क आपलाच असल्याचं प्रतिज्ञेवर लिहून द्यावं लागतं, हेही तो सांगत नाही.

तिला हवी होती ती प्रायव्हसीची तक्रार. त्यात मालकीचा प्रश्नच येत नाही. फोटोतली व्यक्ती मी आहे, मला ओळखता येतं आणि माझी संमती नव्हती, एवढंच दाखवायचं. तक्रार साधारणपणे त्या व्यक्तीनेच करायची असते. मूल लहान असेल तर आईवडिलांनी.

दुसऱ्या खेपेला आम्ही आधी पोस्टचा स्क्रीनशॉट काढला, खात्याचं नाव आणि तारीख दिसेल असा. पोस्ट उडाली की पुरावाही उडतो, म्हणून हे सगळ्यात आधी. मग लिंक घेतली, पण प्रोफाइलची नाही, त्या एका पोस्टची. प्रोफाइलची लिंक दिली तर तपासणाऱ्याला कोणता फोटो ते कळत नाही आणि तक्रार तिथेच अडते. पार्लरला व्हॉट्सॲपवर लिहून कळवलं, “माझी संमती नाही, फोटो काढा.” मग इन्स्टाग्रामच्या मदत विभागातला प्रायव्हसीचा फॉर्म भरला आणि तीच माहिती तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवली. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क कंपनीने जाहीर करायचा असतो. खासगीपणाचा भंग करणारा मजकूर नियम 3(1)(b) मध्ये येतो, तो आकडा तक्रारीत लिहिला. तक्रार क्रमांक जपून ठेवला. फोटो उतरला.

राहिला 24 तासांचा मुद्दा. 2021 च्या नियमांत ही मुदत होती ती नग्न किंवा लैंगिक फोटोंसाठी, आणि दुसऱ्याचं रूप घेऊन किंवा मॉर्फ करून टाकलेल्या फोटोंसाठी. केसांच्या जाहिरातीला ती लागू नव्हती. तसा फोटो असेल तर प्लॅटफॉर्मबरोबरच `cybercrime.gov.in` वर लगेच तक्रार करा. `StopNCII.org` वर मूळ फोटो अपलोड न करता त्याचा फक्त डिजिटल ठसा देता येतो, म्हणजे सहभागी प्लॅटफॉर्मना तो ओळखून अडवता येतो.

प्रायव्हसीच्या तक्रारीलाही मर्यादा आहेत. मारबतीच्या मिरवणुकीत महालातल्या गर्दीत तुमचा चेहरा दिसला, तर तो फोटो उतरवला जाण्याची शक्यता कमी. सार्वजनिक जागा, बातमीचं मूल्य हे तपासलं जातं. गुगलच्या शोधातून निकाल हटला तरी मूळ वेबसाइटवर फोटो राहतोच, तिथे वेगळी तक्रार लागते.

अधिकाऱ्याने नकार दिला, तर उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत `gac.gov.in` वर सरकारी अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. तिथे तोच तक्रार क्रमांक आणि अधिकाऱ्याचं उत्तर जोडावं लागतं.