मोल्ड बांधून झाला, तरी मशीन थांबलेलंच का?

प्लास्टिक मोल्डिंग मशीनवर एक मोल्ड उतरवून दुसरा चढवण्याचा, म्हणजे चेंजओव्हरचा, वेळ कसा वाचवायचा यावर मी एक लेख लिहिला होता. जपानच्या प्रेसशॉपसारखी मशीन चालू असतानाच पुढची तयारी करा, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया:

«सर, लेख वाचायला छान आहे, पण प्रत्यक्षात चालत नाही. आमच्या रबाळ्याच्या शॉपमध्ये एकच क्रेन आणि शिफ्टला एकच सेटर. ‘मशीन चालू असताना तयारी करा’ म्हणता, ती करणार कोण? काम तर तेवढंच राहतं. जपानच्या प्रेसशॉपचं गणित मोल्डिंगला लागत नाही. मोल्ड बांधून झाल्यावरही चांगला पीस यायला आमचा तासभर जातो, पावसाळ्यात जास्तच, त्याचं काय? आणि वेळ वाचलाच तर मालक आणखी दोन चेंजओव्हर लावणार.»

पावसाळ्याचा मुद्दा आधी घेतो, कारण खरं पाणी तिथेच मुरतंय.

चेंजओव्हर म्हटलं की आपण क्लॅम्प, बोल्ट आणि क्रेनकडे बघतो. घड्याळ मात्र आधीच्या जॉबच्या शेवटच्या चांगल्या पीसपासून नव्या जॉबच्या पहिल्या चांगल्या पीसपर्यंत लावायला हवं. तसं लावलंत की दिसेल, बराच वेळ मशीनपाशी कोणाचेच हात चाललेले नसतात. सगळे मोल्ड गरम होण्याची नाहीतर मटेरियल सुकण्याची वाट बघत असतात. मशीन बंद असतानाच करता येतं ते अंतर्गत काम आणि चालू असताना उरकता येतं ते बाह्य काम, ही वाटणी मोल्डिंगमध्ये हातांच्या कामाइतकीच उष्णतेलाही लावावी लागते. माझ्या लेखात सगळा भर क्लॅम्पवर होता, तेव्हा हा भाग इथे सविस्तर लिहितो.

हिशेबाला सोपे आकडे धरू. दीडशे टनी मशीन, साधारण तीनशे किलोचा मोल्ड, पांढऱ्या एबीएस प्लास्टिकच्या झाकणावरून राखाडी पॉलिकार्बोनेटच्या बेसवर जायचंय. मोल्ड, आयबोल्ट आणि पाइप शोधून मशीनपाशी आणायला 30 मिनिटं. जुना उतरवायला 30. नवा चढवून, सेंटर करून, बांधून पाणी आणि पीस बाहेर ढकलणारा इजेक्टर जोडायला 50. मोल्ड गरम होईपर्यंत 35. ट्रायल शॉट आणि क्वालिटीची मंजुरी 35. एकूण तीन तास.

यात पाना हातात धरून केलेलं काम 80 मिनिटांचं. तेवढ्याला तूर्त हातही लावू नका.

पॉलिकार्बोनेटचा मोल्ड साधारण 80 ते 100 अंशांवर चालतो. तो मशीनवर थंडच चढवला, तर तापेपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं. तोच मोल्ड आधीचा जॉब चालू असताना बाजूच्या टेबलवर ठेवून टेम्परेचर कंट्रोलरला, आपल्या एमटीसीला, जोडला तर हे काम बाहेर गेलं. ते शून्यावर मात्र येत नाही. चढवताना मोल्ड थोडा निवतो, आणि मशीनच्या थंड प्लेटना टेकला की आणखी उष्णता सोडतो. म्हणून 35 ऐवजी 10 मिनिटं धरा. सेटरला उष्णतारोधक हातमोजे द्या, आणि पाइप काढण्याआधी एमटीसी बंद करून दाब उतरल्याची खात्री करू द्या. या तापमानाचं पाणी अंगावर आलं तर भाजतं.

याचा आणखी एक फायदा आपल्याकडच्या पावसात कळतो. ठेवणीतल्या मोल्डला गंजरोधक स्प्रे मारलेला असतो. वरून पुसला तरी इजेक्टर पिनांच्या फटीत तेल उरतं आणि मोल्ड तापला की झिरपायला लागतं. मग सुरुवातीच्या शॉटवर तेलाचे डाग येतात आणि ऑपरेटर बिचारा पॅरामीटर बदलत बसतो. टेबलवर तापवलात तर तेल तिथेच बाहेर येतं, तिथेच पुसता येतं. ट्रायलची मिनिटंही त्यानेच कमी होतात.

आता सुकवणं. पॉलिकार्बोनेटला 120 अंशांवर तीन-चार तास लागतात. तुमच्याकडे मशीनवरच्याच हॉपर ड्रायरमध्ये सुकवत असाल, तर त्यात शेवटपर्यंत एबीएस असणार. म्हणजे मोल्ड अर्ध्या तासात बदला नाहीतर दोन तासांत, सुकलेलं मटेरियल हातात नाहीच. मग कोणीतरी घाई करून अर्धवट सुकलेलं वापरतो, पीसवर चांदीसारख्या रेषा येतात आणि सेटर मोल्ड व्यवस्थित बांधूनही शिव्या खातो. ओळखायचं सोपं आहे. नोझल मागे घेऊन थोडं मटेरियल बाहेर सोडा. त्यात बुडबुडे आणि फेस दिसला, तर आधी ओलाव्याचा संशय घ्या. ओलावा नसेल तर प्लास्टिक जिथे वितळतं त्या बॅरलचं तापमान जास्त आहे का ते बघा.

यासाठी दुसरा ड्रायर मशीनबाहेर हवा. साधा गरम हवेचा ड्रायर शॉपमधलीच हवा तापवून फिरवतो. जुलैत रबाळ्याची हवा मुळातच ओली, म्हणून पावसाळ्यात तोच वेळ पुरत नाही. हवेतला ओलावा आधी काढून घेणारा डीह्युमिडिफाइंग ड्रायर असेल तर उत्तम. आणि सुकवलेलं मटेरियल उघड्या ड्रममधून मशीनपर्यंत नेऊ नका, वाटेत ते पुन्हा ओलावा धरतं.

इतकं केलं आणि मोल्ड-पाइपही आधीच मशीनपाशी आणून ठेवले, की शोधाशोधीच्या 30 चे शून्य, तापण्याच्या 35 चे 10, ट्रायलचे 35 वरून 15 धरा. हाताची 80 मिनिटं तशीच. तीन तासांचे पावणेदोन झाले, आणि सेटरने एकही बोल्ट आधीपेक्षा भरभर फिरवलेला नाही.

हे करणार कोण, तर सेटर नव्हे. मोल्ड आणणं, एमटीसी जोडणं, ड्रायर भरणं हेल्परला शिकवता येतं. काम तेवढंच राहतं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, हेल्परचं थोडं वाढतंच. पण तो अर्धा तास राबतो तेव्हा मशीन पीस काढत असतं. क्रेनचंही तसंच. पुढचा मोल्ड क्रेन मोकळी असेल तेव्हाच ट्रॉलीवर घालून मशीनशेजारी आणून ठेवा, म्हणजे ऐन वेळी क्रेन उतरवायला आणि चढवायला, एवढ्यापुरतीच लागते.

जपानचं म्हणाल, तर जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांना अंतर्गत आणि बाह्य कामाची ही वाटणी सुचली 1950 मध्ये, हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझदात. तिथे प्रेसची डाय बदलताना एक बोल्ट सापडेना, आणि कामगार तो शोधत फिरत होता. प्रेस तेवढा वेळ उभी. रबाळ्याला हे अगदीच परकं नसावं.

एक गोष्ट मात्र ओढूनताणून समांतर करू नका. सेटर मोल्डच्या जागेत हात घालून असताना पलीकडून पर्जिंग, म्हणजे बॅरलमधलं जुनं मटेरियल बाहेर काढणं, करायचं नाही, आणि त्यासाठी गार्ड उघडताच मशीन थांबवणारं इंटरलॉक बांधून ठेवायचं तर मुळीच नाही. पर्जिंग आधी उरका, मोटर बंद करा. हीटर चालू राहतात, त्यामुळे बॅरलचं तापमान मोल्ड बदलता बदलता चढतं. फक्त बॅरल आधी रिकामा करून घ्या, नाहीतर आत राहिलेलं एबीएस पॉलिकार्बोनेटच्या तापमानाला जळतं आणि पुढचे पीस काळे ठिपके घेऊन येतात.

हे सगळं प्लॅन टिकला तरच उपयोगी. दुपारी डिस्पॅचचा फोन आला आणि जॉब बदलला, तर तापवलेला मोल्ड आणि भरलेला ड्रायर दोन्ही वाया. नायलॉन तर गरम हवेत फार वेळ राहिलं की पिवळं पडतं. ज्या शॉपमध्ये पुढचा जॉब तासाभरापूर्वी ठरतो, तिथे नवा ड्रायर घेण्याआधी प्लॅनिंगवाल्याशी बोलायला हवं.

मालक आणखी चेंजओव्हर लावेल, हेही खरं, आणि लॉट छोटे करायचे असतील तर तो त्यासाठीच पैसे घालेल. प्रश्न त्या मशीनला काम आहे का हा आहे. ऑर्डर अडकलेल्या मशीनवर दर चेंजओव्हरमागे वाचलेला सव्वा तास म्हणजे पैसा. आठवड्यातून दोन दिवस रिकाम्या राहणाऱ्या मशीनसाठी जादा एमटीसी आणि ड्रायर घ्यायला मी सांगणार नाही. आणि चेंजओव्हर दुप्पट होणार असतील तर दुसरा सेटर आधीच मागून घ्या. तीन तासांची पावणेदोन झाल्यावर मागायला गेलात, तर आहे त्यातच भागतंय असं ऐकावं लागेल.