‘श्रीराम’ म्हणा, मग दोन दाबा

दुपारी सव्वातीनला ऑफिसात फोन वाजला की मी नंबर न बघताच विचारतो, “काय दिसतंय?”

“काळं,” आई म्हणते.

“नुसतं काळं, की काळ्यावर काही लिहिलंय?”

“लिहिलंय. ‘नो सिग्नल’. पण आवाज येतोय. परवा नुसता आवाज नव्हता, आज नुसतं चित्र नाही. दोन्ही एका दिवशी मिळायचं असेल तर काय करू ते सांग.”

आमच्या टीव्हीसमोरच्या टीपॉयवर तीन रिमोट असतात. टीव्हीचा, सेट टॉप बॉक्सचा आणि साउंडबारचा. टीव्हीच्या रिमोटने टीव्ही चालू करायचा, पण त्याच्यावर चॅनल लावायचं नाही. बॉक्सच्या रिमोटने चॅनल लावायचं, पण आवाज वाढवायचा नाही. आवाज वाढवायचा साउंडबारच्या रिमोटने, जो आकाराने बिस्किटाएवढा असल्यामुळे सोफ्याच्या फटीत असतो. आईने आयुष्यभर सहा बर्नर, दोन कुकर आणि चार सुना-लेकी एका वेळी सांभाळल्या आहेत, पण या तिघांपुढे तिने हात टेकले. म्हणून मी ठरवलं, घरात एकच रिमोट.

मुळात साउंडबार नव्या पद्धतीने, एचडीएमआयच्या एआरसी खोबणीतून जोडलेला असता, तर टीव्हीच्या रिमोटनेच त्याचा आवाज कमीजास्त झाला असता. त्या केबलमधली एक तार उपकरणांच्या आपसातल्या निरोपांसाठीच राखलेली असते. आमचा साउंडबार जुना. तो ऑप्टिकल केबलने जोडलाय, आणि त्या केबलमधून फक्त आवाज जातो, निरोप जात नाहीत. हे मला लेकीने सांगितलं. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि घरातली कुठलीही वस्तू बिघडली की तिचा चेहरा खुलतो.

तपकीर गल्लीतून साडेआठशे रुपयांचा युनिव्हर्सल रिमोट आणला. दुकानदाराला विचारलं, “सगळं चालेल ना यावर?” तो म्हणाला, “रिमोट चालतो. चालवणारा चालला पाहिजे.” पुण्यात साडेआठशे रुपयांत याहून जास्त मार्गदर्शन मिळत नाही.

रिमोटवर टीव्ही, एसटीबी आणि ऑडिओ अशी तीन बटणं. ज्याच्याशी बोलायचं त्याचं बटण आधी दाबायचं, मग बाकीची बटणं त्याची होतात. सोबत मुंगीच्या अक्षरांतलं माहितीपत्रक, त्यात चार-चार आकडी कोड. आमच्या टीव्हीच्या कंपनीपुढेच बावीस कोड होते. बावीस कोण टाइप करणार? म्हणून मी ‘ऑटो सर्च’ लावला. सेटअप बटण तीन सेकंद दाबून धरायचं, लाल दिवा लागला की पॉवर दाबायचं, मग रिमोट एकामागून एक कोड सोडत जातो. टीव्ही बंद झाला की त्याच क्षणी ओके दाबून त्याला थांबवायचं.

टीव्ही बंद झाला. मी टाळी वाजवली. टाळी वाजवायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे ओके दाबायचं राहून गेलं. रिमोट दोन कोड पुढे गेला आणि त्यातल्या एकाने टीव्ही पुन्हा चालू केला. एकाच कंपनीच्या बऱ्याच कोडांत पॉवरचा इशारा सारखाच असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसऱ्या फेरीत ओके वेळेवर दाबलं, टीव्ही चालूबंद व्हायला लागला, आणि मी घरभर जाहीर केलं की एक गड सर झाला. संध्याकाळी कळलं की पॉवर चालतं, पण सोर्सचं बटण दाबलं की काहीच होत नाही. चुलत्याचा कोड बसला होता. कोड तपासायचा तो पॉवरवर नाही, तर मेन्यू, सोर्स आणि म्यूट अशी आडवळणाची तीन बटणं दाबून. तिसऱ्या कोडावर टीव्ही मार्गी लागला.

बॉक्स आणि साउंडबार माहितीपत्रकात नव्हतेच. त्यांच्यासाठी ‘लर्निंग’. जुना रिमोट नव्या रिमोटला शिकवतो. दोघांना टेबलावर नाकाला नाक लावून, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर ठेवून बसवायचं. नव्याला लर्न सांगायचं, त्याचं जे बटण शिकवायचं ते दाबायचं, आणि मग जुन्याचं बटण दाबायचं. मी हा विधी खिडकीपाशी मांडला, कारण तिथे अक्षरं दिसत होती. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. नव्या रिमोटने पाच वेळा शिकायला साफ नकार दिला. टेबल आत सरकवल्यावर तो शहाण्यासारखा तीनदा लुकलुकला, म्हणजे पाठ झालं.

पण साउंडबारचा आवाज काही हलेना. नवा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरला, तर दिव्यातून जांभळट लुकलुक दिसत होती. म्हणजे बोलत होता. साउंडबार ऐकत नव्हता.

लेकीने मला पुन्हा करून दाखवायला सांगितलं. मी केलं. “बाबा, तुम्ही जुन्याचं बटण आधीच दाबून धरताय आणि मग याला लर्न सांगताय.”

“हो. म्हणजे त्याला नीट ऐकू जाईल.”

तिने कपाळाला हात लावला. आमच्या साउंडबारच्या रिमोटची भाषा अशी की बटण दाबताक्षणी एकदाच पूर्ण निरोप जातो. आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाक, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, मग कुणासाठी आणि काय ते. त्यानंतर बोट तसंच दाबून ठेवलं, तर दर ११० मिलिसेकंदांनी नुसती एक छोटीशी खूण जाते. तिचा अर्थ, पुन्हा तेच.

“तुम्ही याला ‘पुन्हा तेच’ एवढंच शिकवलंय,” ती म्हणाली. “तेच म्हणजे काय, ते शिकवलंच नाही.”

बायको आतून म्हणाली, “तुझ्या बाबांचं लग्नापासून असंच आहे.”

मग लर्न आधी, बोट नंतर, आणि बोट पटकन उचलायचं, अशा शिस्तीने साउंडबार शिकून झाला. बॉक्सही झाला. रात्री आईची मालिका १२२६ नंबरवर लागते. मी ऐटीत एक, दोन, दोन, सहा दाबलं. लागलं १२६. तिथे मला न समजणाऱ्या भाषेत कुणीतरी हवामान सांगत होतं. पुन्हा दाबलं, पुन्हा हवामान. मला वाटलं दोनचं बटण अडकतंय. पण जुन्या रिमोटने व्यवस्थित लागत होतं.

यावर लेकसुद्धा दहा मिनिटं गप्प बसली, म्हणजे दुखणं खरं होतं. काही बॉक्सांच्या रिमोटमध्ये प्रत्येक दाबण्याबरोबर एक छोटी खूण जाते, आणि ती दर वेळी उलटते. एकदा शून्य, पुढच्या वेळी एक. त्यावरून बॉक्सला कळतं की माणसाने दोन हे बटण दोनदा दाबलंय, की एकदाच दाबून बोट तसंच ठेवलंय. शिकलेला रिमोट मात्र पोपट. त्याच्याकडे दोनचं एकच ध्वनिमुद्रण, आणि त्यातली खूण कायम तीच. बॉक्स समजतो, आजीबाईंचं बोट अजून बटणावरच आहे, आणि दुसरा दोन सोडून देतो. कोडाने बसवलेला रिमोट ही खूण स्वतः उलटवतो, पण आमच्या बॉक्सचा कोडच नव्हता.

उपाय एकच, दोन दोनांच्या मध्ये जरा थांबायचं, म्हणजे बोट उचललं असं बॉक्सला वाटतं. किती थांबायचं? लेक म्हणाली अर्धा सेकंद. आईने विचारलं, “अर्धा सेकंद म्हणजे केवढा?” आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग तीच म्हणाली, “‘श्रीराम’ म्हणण्याएवढा का?” करून बघितलं. एक, दोन, श्रीराम, दोन, सहा. लागलं. तेव्हापासून आमच्याकडे मालिका नामस्मरणाने सुरू होते.

आवाजाचं प्रकरण थोडक्यात सांगतो. आवाज तीन ठिकाणी कमीजास्त होत होता, आणि कुणीतरी कधीतरी बॉक्सचा आवाज सहावर नेऊन ठेवल्याने साउंडबार चाळिसावर नेला तरी पात्रं कुजबुजत होती. बॉक्सचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला, टीव्हीचे स्पीकर बंद केले, आणि साउंडबारचा आवाज वाढव, कमी कर आणि म्यूट हे तीन धडे रिमोटला टीव्ही, एसटीबी आणि ऑडिओ या तिन्ही अवतारांत शिकवले. नऊ शिकवण्या झाल्या. आता रिमोट कुणाच्याही नावाने बोलत असला तरी आवाजाचं बटण साउंडबारलाच लागू होतं. या सगळ्या खटाटोपात एवढी एकच गोष्ट मी आधी करायला हवी होती, असं बायकोचं मत आहे, आणि ते बरोबर आहे.

राहिलं पॉवर. या रिमोटवर एक बटण असं आहे की ते तिघांचे पॉवरचे इशारे ओळीने सोडतं. आधी टीव्ही, मग बॉक्स, मग साउंडबार. पूर्ण व्हायला दोन-तीन सेकंद लागतात. आई बटण दाबून लगेच रिमोट मांडीवर ठेवायची, त्यामुळे साउंडबारचा निरोप तिच्या पदराला मिळायचा. “ओवाळून होईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही,” असं सांगितल्यावर ते जमलं.

पण पॉवरच्या बटणाचा अर्थ ‘चालू कर’ असा नसतो. ‘जसा आहेस त्याच्या उलट हो’ असा असतो. काही उपकरणांना चालू आणि बंद यांचे वेगळे इशारे समजतात. आमच्या तिघांपैकी एकालाही ते समजत नाहीत. तिघे एकत्र झोपले तर एकत्र उठतात. पण एक जागा आणि दोघे झोपलेले, असं झालं की बटण दाबल्यावर जागा असलेला झोपतो आणि झोपलेले उठतात, आणि हा खेळ जन्मभर चालू राहतो. अशी फाटाफूट करायला वीज गेली की पुरे. परत आल्यावर आमचा टीव्ही आणि साउंडबार झोपूनच राहतात, आणि बॉक्स मात्र विचारल्याशिवाय चालू होतो.

आणि पुण्यात गुरुवार असतो. त्या गुरुवारी दिवसभर दुरुस्तीसाठी वीज नव्हती. ऑफिसात सव्वातीनची वेळ गेली, साडेतीन झाले, पाच झाले, फोन आला नाही. मला काळजी वाटली. लवकर निघालो. घरी पोचलो तेव्हा वीज नुकतीच आली होती. आई टीव्हीसमोर उभी होती. डाव्या हातात तांदळाच्या डब्याचं स्टीलचं झाकण, ते तिने बॉक्सच्या तोंडासमोर आडवं धरलेलं. उजव्या हातात रिमोट. तिने बटण दाबलं, ओवाळून होईपर्यंत हात खाली घेतला नाही. टीव्ही लागला. साउंडबारचा दिवा लागला. झाकणाआडच्या बॉक्सला काही कळलंच नाही, तो होता तसाच चालू राहिला.

मी दारातच उभा. “आई, हे कुणी शिकवलं?”

“त्याच्यापर्यंत पोचू दिलं नाही की तो बिघडत नाही,” ती म्हणाली. झाकण डब्यावर लावलं, खाली बसून तांदळाचं ताट मांडीवर ओढलं, आणि एक, दोन दाबून ‘श्रीराम’ म्हणाली. “या वेळच्या तांदळात खडे फार आहेत रे. कुठून आणलेस?”