हिरवी चादर, एक टिक आणि गायब झालेले खांदे

«ऑनलाइन मीटिंगमध्ये केसांभोवती, खांद्यांभोवती बॅकग्राउंड लुकलुकतो? शंभर टक्के खात्रीचे उपाय! १) भिंतीला अगदी टेकून बसा. २) मागे घरातली कुठलीही हिरवी चादर टांगा आणि `I have a green screen` वर टिक करा. ३) खोलीतले सगळे दिवे लावा. ४) लॅपटॉपचा कॅमेरा विसरा, १०८०पी वेबकॅम घ्या. ५) केसांना तेल लावून चापून बसवा. सर्वांना पाठवा.»

पाठवणाऱ्यांनी पाठवले आणि ते म्हापशाच्या आमच्या मावशीपर्यंत पोचले. ती संध्याकाळी दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी ऑनलाइन घेते. तिने पाचही उपाय एका दिवसात केले. साडी पोपटी होती, त्यामुळे त्या दिवशी मुलांना एक डोके आणि दोन हात त्रिकोणमिती शिकवताना दिसले. असे निरोप तयार करणाऱ्याने ते एकदा तरी स्वतः करून पाहावेत.

मुळात लुकलुक कशाने होते ते या निरोपात कुठेच नाही. खऱ्या खोलीच्या जागी दुसरे चित्र, म्हणजे आभासी बॅकग्राउंड, दाखवायचे तर कॅमेऱ्यातून येणाऱ्या दर चित्रात माणूस कुठे संपतो आणि खोली कुठे सुरू होते, हे प्रोग्रामला नव्याने ठरवावे लागते. त्या ठरवलेल्या आकाराला मास्क म्हणतात. जिथे खात्री आहे तिथे मास्क स्थिर राहतो. जिथे शंका आहे तिथे या क्षणी «माणूस», पुढच्या क्षणी «भिंत», आणि हीच अदलाबदल आपल्याला लुकलुक म्हणून दिसते. २०२० मध्ये गुगलने मीटमधल्या बॅकग्राउंडमागचे तंत्र जाहीर लेखात समजावून सांगितले होते. त्यातला एक आकडा लक्षात ठेवला तरी निम्मे गैरसमज गळून पडतात: मास्क काढण्यापूर्वी चित्र २५६ × १४४ ठिपक्यांपर्यंत लहान केले जाते. तुमचे चित्र १२८० × ७२० चे असेल, तर मास्कचा एक ठिपका मूळ चित्रातल्या पाच बाय पाच, म्हणजे पंचवीस ठिपक्यांचा निकाल एकदम लावतो. सुटी बट त्या चौकोनात मावून वर जागा उरते. मग ही ओबडधोबड कड मूळ चित्रातल्या कडा बघून घासूनपुसून घेतली जाते. म्हणजे केस आणि भिंत यांच्या रंगात ठळक फरक असेल तर कड नीट बसते, नसेल तर नाही. बाकीच्या प्रोग्रामांचे तपशील वेगळे असतील, पण रडगाणे हेच.

आता त्या टिकबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिनेच केले आहे. झूममध्ये ती खूण केली की माणूस ओळखण्याचे काम थांबते. प्रोग्राम मागचा एक रंग धरतो आणि चित्रात जिथे जिथे त्याच्या जवळपासचा रंग सापडेल ते सारे पुसून टाकतो. त्याला साडी कळत नाही, खांदा कळत नाही, आबोलीच्या वळेसरातले हिरवे पानही कळत नाही. उलट, घडीच्या चादरीवर सुरकुत्या असतील तर प्रत्येक सुरकुतीची एक बाजू उजळ आणि एक काळपट दिसते. म्हणजे कॅमेऱ्यासाठी तो एक हिरवा नव्हे, दहा हिरवे. त्यातले काही पुसले जातात, काही राहतात, आणि पंख्याच्या वाऱ्याने चादर हलली की कुठले राहायचे ते दर क्षणाला बदलते. लुकलुक घालवायला आणलेली चादरच लुकलुकू लागते. नुसत्या भिंतीसमोर बसून ही टिक करणे तर त्याहून वाईट. पिवळसर रंग दिलेली भिंत आणि गालावर पडलेला उजेड यांत कॅमेऱ्याला फारसा फरक दिसत नाही, मग चेहऱ्यालाच भोके पडतात.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. लॅपटॉप फार जुना असेल तर झूम हिरव्या पडद्याशिवाय आभासी बॅकग्राउंड देतच नाही. तिथे टिक करावीच लागते, पण मग चादर लावण्याची रीतही पाळायला हवी. कापड सुती, न चमकणारे, इस्त्री केलेले आणि चारी कडांनी ताणलेले असावे. वरच्या दोरीवर दर वीतभर अंतरावर चिमटे, खाली एखादी काठी अडकवून वजन. तुमच्यात आणि कापडात तीन फूट तरी अंतर हवे, नाहीतर कापडावरून परतलेला हिरवट उजेड केसांवर आणि खांद्यांवर चढतो आणि तेही पुसले जातात. रुंदीचा हिशेब सोपा आहे. साधा लॅपटॉप कॅमेरा जितक्या अंतरावर बघतो त्याच्या सव्वा ते दीडपट रुंदी टिपतो. चेहरा कॅमेऱ्यापासून दोन फूट, कापड त्यामागे तीन फूट, म्हणजे पाच फुटांवर सव्वासहा ते साडेसात फूट रुंदी लागणार. पाच बाय साडेसात फुटांची एकेरी चादर उभी टांगली तर दोन्ही बाजूंनी खोली डोकावते. आडवी टांगली तर जेमतेम भागते. बाकी ज्यांचा लॅपटॉप चार-पाच वर्षांतला आहे त्यांनी टिक काढून टाकावी आणि चादर पलंगावर परत घालावी.

भिंतीला टेकून बसण्याचा सल्ला कुणाच्या डोक्यातून निघाला असेल कोण जाणे. टेकून बसलात की तुमची सावली केसांच्या अगदी कडेला भिंतीवर पडते. काळे केस आणि काळी सावली यांतली सीमा माणसालाही नीट सांगता येणार नाही, २५६ ठिपक्यांच्या मास्कला काय सांगता येणार? तीन-चार फूट पुढे सरका, म्हणजे सावली खाली, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर पडते. सरकताना खुर्चीही बघा. खांद्यामागून डोकावणारी उंच, काळी पाठ कधी माणूस ठरते, कधी भिंत. खांद्यांभोवतीची बरीच लुकलुक खरे म्हणजे खुर्चीचीच असते. बुटक्या पाठीची किंवा जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या. कपड्यांचे सूत्र फरकाचेच: पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा सदरा नको. आणि केस पिकलेले असतील तर पांढरी भिंतही नको; त्यांच्यामागे एखादे गडद, एकरंगी कापड बरे, तेही टिक न करता.

सगळे दिवे लावण्याचा मुद्दा मावशीच्या खोलीवरूनच बघू. खोली दहा बाय बारा, एका भिंतीला खिडकी, खिडकीच्या वर ट्यूबलाइट, मधोमध पंखा आणि पंख्याच्या वर छताला एक बल्ब. मावशी खिडकीकडे पाठ करून बसायची. म्हणजे उजेडाचे दोन्ही झरे तिच्या मागे. अशा वेळी कॅमेरा पाठीमागचा लख्ख उजेड सांभाळायला चेहरा काळवंडून टाकतो आणि केसांची कड उजेडात विरघळते. त्यात छताचा बल्ब. पंखा मिनिटाला ३०० च्या आसपास फेऱ्या घेतो, पाती तीन, म्हणजे बल्ब आणि डोके यांच्यामधून सेकंदाला पंधरा वेळा सावली जाते. कॅमेरा सेकंदाला तीस चित्रे घेतो. एक उजळ, एक मंद. दर चित्राला उजेड बदलला की मास्कही दर चित्राला नवा.

उपाय पैशाचा नव्हताच. टेबल फिरवून खिडकीच्या भिंतीला लावले. आता खिडकी आणि ट्यूबलाइट दोन्ही समोर, पाठीमागे बऱ्याच अंतरावर मोकळी, फिकट भिंत. छताचा बल्ब बंद. ट्यूबचा उजेड वरून येतो म्हणून डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली काळे पडते. लॅपटॉपसमोर टेबलावर एक पांढरा चार्ट पेपर पसरला की तो उजेड खालून परत येतो. खिडकीला पातळ सुती पडदा हवाच, कारण पावसाळ्यात ढग सरकतात, पाच मिनिटे ऊन, पाच मिनिटे अंधार, आणि कॅमेरा आपला उजेड सारखा वरखाली करत बसतो. दिवसा पडदा आणि ट्यूब दोन्ही असू द्यावे. पंखा शून्यावर नेता येत नाही हे कबूल, गोव्यात मे महिन्यात तसे सांगणारा शत्रूच. पण खुर्ची पात्यांच्या थेट खालून काढली आणि वेग दोनवर आणला की बटा उडायच्या थांबतात. चित्रात आडवे पट्टे वर-खाली सरकताना दिसले तर तो वेगळा रोग. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो, आणि कॅमेरा ६० वर बेतलेला असतो. वेबकॅमच्या प्रोग्राममध्ये ते ५० करावे.

१०८०पी बद्दल दोन वाक्ये पुरतात. मास्क काढताना चित्र लहानच होणार, त्यामुळे जास्त ठिपक्यांचे पैसे केसांच्या कडेला पोचत नाहीत. चांगला कॅमेरा कमी उजेडात कमी खरखरीत चित्र देतो, तेवढा फायदा खरा. पण तोच फायदा टेबल फिरवून फुकट मिळतो.

आणि तेल. चापून बसवलेल्या केसांची कड एकसंध असते, म्हणून मास्कला सोपे जाते, हे खरे आहे. पण चोपडलेल्या केसांवर समोरच्या दिव्याची पांढरी झळाळी येते आणि फिकट भिंतीसमोर ती झळाळी भिंतच वाटते. घट्ट वेणी किंवा आंबाडा घातला तरी काम होते, तेलाचा थेंब न लागता.

सगळे लावून झाल्यावर तपासायचे कसे? बॅकग्राउंड म्हणून आधी एक सपाट, भडक रंगाचे चित्र ठेवा, म्हणजे चुका लपत नाहीत. अर्धा मिनिट अजिबात न हलता बसा. तरीही कड थरथरली तर दोष उजेडाचा: पंख्याची सावली, ढग नाहीतर दिव्याचे पट्टे. मग मान हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा. आता लुकलुक आली तर खोलीत उजेड कमी आहे नाहीतर लॅपटॉप थकला आहे. बाकीचे प्रोग्राम बंद करून बघा. एकाच जागी सारखे भोक पडत असेल तर तिथला कपडा आणि मागची भिंत एका रंगाची आहे.

शेवटी खरे चित्र निवडताना भिंतीइतकेच उजळ निवडा. केसांभोवती भिंतीचा थोडा रंग राहणारच. मागे फिकट चित्र असेल तर तो दिसत नाही, रात्रीचे गडद चित्र असेल तर डोक्याभोवती पांढरी प्रभावळ उमटते. कुरळ्या, मोकळ्या केसांची किनार मात्र एवढे करूनही थोडी वळवळते. तिथे चित्राचा हट्ट सोडून नुसता ब्लर लावावा. चुकून राहिलेला भिंतीचा तुकडा त्याच धूसर भिंतीत मिसळून जातो.