तोड कधी आहे, तेवढं सांग

"मी जर्मनीत असतो. शाळेपासूनच्या जिवलग मित्राला ऑगस्ट 2023 मध्ये वडिलांच्या ऑपरेशनसाठी दीड लाख रुपये बँकेतून पाठवले. 'ऊस गेला की देतो' म्हणाला होता. दोन हंगाम गेले. शिरोळ तालुक्यात त्याची दीड एकर शेती आहे, दोन म्हशी आहेत. मी डिसेंबरमध्ये कोल्हापूरला येतोय. मैत्री न तुटता आठवण कशी करून देऊ?"

डिसेंबरपर्यंत थांबू नका, आत्ता ऑक्टोबरातच कळवा. समोरासमोर बसून अचानक विषय काढला की माणूस सुटकेसाठी काहीही कबूल करतो. "जानेवारीत सगळे देतो" हे वाक्य रंकाळ्याच्या कट्ट्यावर सहज निघून जातं. जानेवारीत ते पाळता आलं नाही की तो तुमचा फोन उचलायचं टाळतो, आणि मैत्रीला पहिली चीर तिथे पडते. आधी निरोप गेला, तर त्याला हिशेब बघायला, घरात बोलायला आणि हवं तर दोन दिवस तुमच्यावर चिडायलाही वेळ मिळतो.

या प्रश्नावर इथे जर्मनीतल्या मराठी मंडळींत दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, कोल्हापूरची माणसं दोस्तीत हिशेब ठेवत नाहीत, पैसा मागणं म्हणजे मैत्रीचं मोल करणं. दुसरा तट इथल्या जर्मन लोकांकडे बोट दाखवतो. कॅफेत चौघे बसतात आणि प्रत्येक जण आपल्या कॉफीचे पैसे आपण देतो, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला दोन्ही अर्धवट वाटतात. आपण हिशेब ठेवत नाही हे तर साफ खोटं आहे. प्रत्येक लग्नघरात आहेराची वही असते. कुणी किती घातले हे त्यात लिहिलेलं असतं आणि उलट आहेर करताना तीच वही उघडली जाते. भिशीत ज्याची चिठ्ठी पहिल्या महिन्यात लागते, तो शेवटच्या महिन्यापर्यंत हप्ता भरतो. हप्ता चुकला तर सगळ्यांदेखत त्याचं नाव निघतं, तरी भिशी मोडत नाही. कारण तिथे तारीख आणि रक्कम पहिल्या दिवशीच ठरलेली असते. हातउसन्यात ती ठरलेली नसते, म्हणून आठवण करून देणं अपमानासारखं वाटतं.

आणि इथल्या कॉफीचं उदाहरण देणाऱ्यांनी हेही बघावं की रात्री अकरा वाजता फोन आल्यावर दुसऱ्या दिवशी दीड लाख पाठवणारा मित्र इथे क्वचितच भेटतो. तशा पैशाला कॉफीच्या बिलाची रीत लावता येत नाही.

मात्र जर्मन नागरी कायद्यातली एक गोष्ट मला आपल्याकडे न्यावीशी वाटते. कलम 488 सांगतं की ज्या कर्जाला परतीची तारीख ठरलेली नाही, ते परत मागताना तीन महिन्यांची आगाऊ सूचना द्यायची. म्हणजे मागणं आणि घेणं यांत तिमाहीचं अंतर असतं. "परत दे" याचा अर्थ "आज दे" होत नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर तुमचा निरोप गेला तर तीन महिने जानेवारीच्या मध्यावर भरतात, आणि शिरोळच्या उसाचे पैसेही साधारण तेव्हाच हातात यायला लागतात.

इथे उसाचा हिशेब नीट समजून घ्या, कारण बाहेर राहणारा माणूस नेमका इथेच चुकतो. समजा दीड एकरात साठ टन निघाले आणि टनाला 3,400 रुपये पडले, तर बिल होतं 2,04,000. बाहेरून बघणारा म्हणतो, दोन लाख आले, दीड द्यायला काय हरकत आहे? पण बिल जिल्हा बँकेच्या खात्यावर येतं आणि विकास सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होतं. ते नव्वद हजार धरा. राहिले 1,14,000. खत-औषधाच्या दुकानाची उधारी पंचवीस हजार. राहिले 89,000. तोडीच्या टोळीला आणि वाहनाला द्यावी लागणारी खुशाली, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याची भरणी, पाणीपट्टी हे सगळं त्यातूनच जातं, आणि पुढचं बिल वर्षभराने. या माणसाकडे एकरकमी दीड लाख मागितले तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, सावकार किंवा खोटं बोलणं. मित्र आपल्याशी खोटं बोलला असं ज्यांना वाटतं, त्यांतल्या अनेकांनी मुळात मागितलेली रक्कमच अशक्य असते.

म्हणून या हंगामात पन्नास हजार मागा. उरलेल्या लाखाचे पुढच्या दोन हंगामांत दोन भाग. आडसाली लावण असेल तर पीक तयार व्हायला दीड वर्ष लागतं, मग एखादा हंगाम कोराही जातो. त्याचा ऊस लावणीचा आहे की खोडवा, हे विचारल्याशिवाय तारीख सुचवू नका. तोडीनंतर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी असा नियम आहे, पण बिलं मागं-पुढं होतात आणि एकरकमी एफआरपीसाठीची आंदोलनं आपल्या जिल्ह्याला नवी नाहीत. तेव्हा "15 जानेवारी" अशी तारीख न धरता "बिल जमा झाल्यापासून आठ दिवसांत" असं धरा. कारखान्याचा उशीर मग त्याच्या माथी येत नाही.

निरोप असा असू शकतो:

"भावा, काका कसे आहेत? एक बोलायचं होतं. ऑगस्ट 23 मध्ये दीड लाख पाठवले होते, त्याचं आपण कधी ठरवलंच नाही. एकदम नको. यंदाच्या बिलातनं पन्नास जमतील का, का कमी धरू? तोड कधी आहे, तेवढं सांग. घाई नाही, रविवारी फोन करतो."

यात रक्कम आहे, महिना आहे, "कमी धरू का" ही वाट आहे आणि फोनचा दिवस आहे. वडिलांची चौकशी आधी येते, कारण पैसे त्यांच्यासाठीच गेले होते. "जमेल तसं दे" हे शब्द मात्र अजिबात घालू नका. ते दिलदार वाटतात, पण त्यांत ना तारीख ना रक्कम. मग जमलं नाही असं प्रत्येक महिन्याला म्हणता येतं. "मला इथे घर घ्यायचंय" असलं कारणही बनवू नका. खरं असेल तर सांगा. बनवलेलं असेल तर तुमच्या सुट्टीचे फोटो त्याच्या फोनवरही दिसतात. विनिमय दर तर काढूच नका. तेव्हा युरो नव्वदीच्या आसपास होता, आता शंभराच्या पुढे आहे. रुपयांत दिले, रुपयांत परत येतील, फरक तुमचा.

निरोप फक्त त्याला. तालमीच्या ग्रुपवर नाही, वहिनींना नाही, आईच्या हातून तर नाहीच. "सहज विचार त्याला" म्हणून आईला पाठवलं की गोष्ट दोन मित्रांची राहत नाही, दोन घरांची होते.

हा प्रश्न इथल्या मंडळींपुढे ठेवला तेव्हा एकाने लगेच सांगितलं की त्याच्या मेव्हण्याचा चेक वटला नव्हता, केस घातली आणि पैसे वसूल झाले. इथे चेकच नाही, आणि वसुली हा प्रश्नही नाही. दुसऱ्याचा सल्ला असा, की "वर्षातनं एकदा मेसेज टाकत जा, म्हणजे तीन वर्षांची मुदत पुढे सरकते." तीन वर्षांचं त्याचं बरोबर आहे, बाकीचं नाही. शाहूपुरीत वकिली करणाऱ्या एका काकांनी ते दुरुस्त केलं. तारीख न ठरलेल्या उसन्याची मुदत पैसे दिले त्या दिवसापासूनच धावते, म्हणजे तुमच्या बाबतीत ऑगस्ट 2026 पर्यंत. तुम्ही कितीदा मागितलं याने ती हलत नाही. मुदत संपायच्या आत त्याने सहीनिशी देणं कबूल केलं, किंवा काही रक्कम फेडली आणि तशी त्याच्या हातची नोंद राहिली, तर तिथून नवी तीन वर्षं मोजतात. व्हॉट्सॲपवरचं "हो, द्यायचेत" हे सहीचं कबुलीपत्र ठरेल का, यावर काका म्हणाले, "वाद घालता येतो, भरवसा ठेवता येत नाही." त्यावर मंडळींत बराच वेळ चर्चा झाली आणि ती तशीच राहिली.

हे सगळं मित्राला सांगायचं नाही. नोटीस हा शब्द एकदा उच्चारला की परत घेता येत नाही. तुम्हाला ते माहीत असावं, एवढ्यासाठी की जुलै 2026 मध्ये घाबरून कडक भाषा वापरण्याची वेळ येऊ नये. या हंगामातले पन्नास हजार बँकेतून आले आणि त्याने "उसन्यापैकी 50,000, राहिले एक लाख" असं स्वतः लिहून पाठवलं, तर निदान दोघांपुढे आकडा एकच राहतो. त्या लिहिण्याचं कायद्यातलं वजन वर म्हटल्याप्रमाणे वादाचं आहे. कागदावर सही घ्यावी का, हे तुमच्या मैत्रीचा पोत बघून तुम्हीच ठरवा. मी घेतली नसती. काकांनी घेतली असती.

रोख मात्र नको. तो डिसेंबरात प्रेमाने नोटांचं बंडल पुढे करेल. वीस हजार किंवा त्याहून मोठ्या उसन्याची फेड रोखीने केली तर प्राप्तिकर कायद्यानुसार दंड फेडणाऱ्यावर येऊ शकतो, म्हणजे त्याच्यावरच. "तुझ्यावरच बालंट येईल, माझ्या एनआरओ खात्यात टाक" असं सांगितलं तर त्यात अविश्वास दिसत नाही.

उत्तर आलंच नाही तर? रविवारी फोन करा, ठरल्याप्रमाणे. पैशाचा विषय एकदाच काढा, मग दुसरं बोला. तो उगीच रागावला, किंवा सोनं गहाण पडल्याचं, दुसऱ्यांचंही देणं असल्याचं कळलं, तर पन्नास हजारांचा आग्रह सोडा. दूधबिल दर दहा दिवसांनी येतं, त्यातून महिन्याला तीन हजार निघतात का विचारा. दीड लाख फिटायला पन्नास महिने लागतील, हे दोघांनी आधी मोठ्याने बोलून घ्या, म्हणजे तिसऱ्या महिन्यात तुमचा धीर सुटणार नाही. तेही जमणार नसेल तर सोडून द्यायचं का, किती सोडायचं, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. सोडलेत तर मात्र तसं स्पष्ट शब्दांत सांगा. मनात सोडलेलं त्याला कळत नाही आणि तो लपतच राहतो.

डिसेंबरात भेटाल तेव्हा विषय काढू नका, तो ऑक्टोबरात झालेला असेल. त्याच्या रानात जा, त्याच्या वडिलांना भेटा, तांबडा-पांढरा खा. जानेवारीत पैसे आले की त्याच संध्याकाळी लिहा: "पन्नास पोचले. राहिले एक लाख. खोडवा कसा फुटलाय, फोटो पाठव."